युद्धात लुटलेली वस्तू परत कशी मागतात? कनाकारियाच्या चार चित्रांचा दावा

सायप्रस बेटाच्या ईशान्येला कार्पास नावाची एक लांब, चिंचोळी जमीन समुद्रात शिरलेली आहे. तेथील लिथ्रांगोमी या गावात पनायिया कनाकारिया हे मेरीमातेचे जुने चर्च आहे. त्याच्या वेदीमागच्या अर्धघुमटावर सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मोझाइक, म्हणजे काचेचे आणि दगडाचे बारीक रंगीत तुकडे ओल्या गिलाव्यात बसवून केलेले चित्र, घडवण्यात आले. मधोमध बाळ येशूला घेतलेली मेरी, दोन्ही बाजूंना देवदूत आणि कडेच्या पट्टीत येशूच्या शिष्यांचे चेहरे अशी त्याची रचना होती. आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात धार्मिक प्रतिमा नष्ट करण्याची मोहीम निघाली. तिच्यातून या काळातील फारच थोडी चित्रे वाचली आणि हे त्यांपैकी एक होते. त्या मोहिमेतून वाचलेले चित्र विसाव्या शतकातील युद्धात मात्र तुकडे करून विकले गेले. त्यातील चार तुकड्यांसाठी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या संघीय न्यायालयात चाललेला दावा हा या विषयातील सर्वांत शिकवणारा खटला आहे, असे माझे मत आहे. युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण करणारा आंतरराष्ट्रीय कायदा नेमका कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे थांबतो, हे त्यातून स्वच्छ दिसते.

जुलै १९७४ मध्ये तुर्कस्तानचे सैन्य सायप्रसमध्ये उतरले आणि बेटाचा उत्तरेकडील एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. कार्पासमधील काही ग्रीक सायप्रियट कुटुंबे त्यानंतरही आपापल्या गावांत राहिली, परंतु हळूहळू त्यांनाही जावे लागले. लिथ्रांगोमीच्या धर्मगुरूने १९७६ मध्ये गाव सोडले, तेव्हा मोझाइक भिंतीवर शाबूत होते. पुढे नोव्हेंबर १९७९ मध्ये उत्तरेकडून आलेल्या एका व्यक्तीने सायप्रसच्या अधिकाऱ्यांना सांगितले की कनाकारियाचे चर्च आतून लुटले गेले आहे आणि मोझाइक जागेवर नाही. चोरी १९७६ ते १९७९ या तीन वर्षांत केव्हातरी झाली, एवढेच त्यावरून म्हणता येत होते. ‘केव्हातरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण ज्या प्रदेशात मालकाला पाऊल टाकता येत नाही, त्या प्रदेशातील चोरीची तारीख त्याला सांगता येत नाही आणि दाव्याच्या मुदती मात्र तारखांवरून मोजल्या जातात.

या काळात लागू असलेला मुख्य आंतरराष्ट्रीय करार म्हणजे १९५४ चा हेग करार. दुसऱ्या महायुद्धातील लुटीचा आणि विध्वंसाचा अनुभव ताजा असताना तो झाला. त्याची बहुतेक वाचकांना ठाऊक असलेली बाजू म्हणजे वास्तूंवर लावायची निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण आणि अशा वास्तूंवर हल्ला न करण्याचे बंधन. या बंधनाला एक मोठी पळवाट आहे. लष्करी गरज अटळ असेल, तर ते बाजूला ठेवता येते. लुटीच्या बाबतीत मात्र कराराने अशी सवलत दिलेली नाही. सांस्कृतिक ठेव्याची चोरी, लूट आणि अपहार यांना मनाई करणे, ते घडू न देणे आणि घडत असल्यास थांबवणे, असे तिहेरी कर्तव्य चौथ्या कलमात आहे. सैनिकाने स्वतः चोरी केली नाही, एवढे पुरत नाही. त्याच्या पहाऱ्याखालच्या गावात दुसऱ्या कोणी भिंत कापून नेली, तरी जबाबदारी उरतेच. त्याखेरीज, दुसऱ्याचा प्रदेश व्यापलेल्या राष्ट्राने तेथील मूळ यंत्रणेला ठेव्याच्या रक्षणात शक्य तितके साहाय्य करावे, असे पाचवे कलम सांगते. सायप्रस आणि तुर्कस्तान हे दोन्ही देश १९७४ पूर्वीच या करारात सामील झालेले होते.

हेग करारासोबत १९५४ मध्येच झालेला पहिला पूरक करार, ज्याला प्रोटोकॉल म्हणतात, वस्तू परत मिळवण्याच्या दृष्टीने अधिक कामाचा आहे. व्याप्त प्रदेशातून सांस्कृतिक वस्तू बाहेर जाऊ न देणे हे ताबा असलेल्या राष्ट्राचे कर्तव्य आहे. तरीही ती वस्तू बाहेर जाऊन दुसऱ्या सदस्य देशात पोहोचली, तर त्या देशाने ती सुरक्षित ठेवावी आणि संघर्ष संपल्यावर परत करावी. अशी वस्तू युद्धाची भरपाई म्हणून कोणालाही ठेवून घेता येत नाही. ज्याने ती प्रामाणिकपणे विकत घेतली, त्याला नुकसानभरपाई मिळावी आणि ती निर्यात रोखण्यात चुकलेल्या राष्ट्राने द्यावी. कागदावर ही रचना जवळजवळ निर्दोष आहे. अडचण तिच्या दोन गृहीतकांत आहे. ‘संघर्ष संपल्यावर’ असे म्हणताना तो कधीतरी संपेल असे धरलेले आहे, पण सायप्रसमध्ये बंदुका १९७४ मध्येच थांबल्या आणि फाळणी आजही कायम आहे. दुसरे गृहीतक असे की सगळे व्यवहार राष्ट्रा-राष्ट्रांत होतील. प्रत्यक्षात लुटीची वस्तू एखाद्या दलालाच्या घरात असते आणि राष्ट्राराष्ट्रांतील करार त्या दलालावर थेट काहीही बंधन घालत नाही.

चोरीची बातमी आल्यावर सायप्रसने काय केले, ते पुढे निर्णायक ठरले, म्हणून ते थोडे सविस्तर सांगायला हवे. पोलिसांना कळवून फाइल बंद करण्याचा मार्ग येथे नव्हताच, कारण चोरीची जागा पोलिसांच्या हद्दीबाहेर होती. सायप्रसच्या पुरातत्त्व खात्याने, परराष्ट्र खात्याने आणि चर्चने युनेस्को, संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद, युरोपीय परिषद, मोठी लिलावगृहे, संग्रहालये आणि बायझंटाइन कलेचे अभ्यासक यांना पत्रे पाठवून कनाकारियाच्या चोरीची माहिती दिली. सुदैवाने मोझाइकच्या अभ्यासाचे आणि दुरुस्तीचे काम युद्धापूर्वीच झालेले होते आणि त्यावरचा छायाचित्रांसह सविस्तर ग्रंथ अमेरिकेतील डंबर्टन ओक्स या संशोधन संस्थेने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यामुळे जगातील कोणत्याही तज्ज्ञाला एखाद्या तुकड्याचे छायाचित्र पाहून तो अर्धघुमटाच्या कोणत्या भागातला आहे, हे सांगता येणार होते. चोराला तो तुकडा ‘दुसऱ्याच कुठल्यातरी चर्चमधला’ म्हणून खपवण्याची सोय उरली नव्हती. ज्यांची छायाचित्रे कधीच निघाली नाहीत, अशा मूर्ती आणि जमिनीतून चोरून उकरलेल्या वस्तू यांच्या बाबतीत मालकाची सर्वांत मोठी हार येथेच होते. वस्तू त्याची आहे, हे तो सिद्धच करू शकत नाही.

इंडियानापोलिस शहरातील कलावस्तूंच्या व्यापारी पेग गोल्डबर्ग १९८८ च्या उन्हाळ्यात एका चित्राच्या खरेदीसाठी अॅमस्टरडॅमला गेल्या होत्या. तो व्यवहार बारगळला आणि तेथे भेटलेल्या मध्यस्थांनी त्यांना चार मोझाइकची छायाचित्रे दाखवली. एकात बालरूपातील येशू, एकात देवदूत आणि उरलेल्या दोहोंत मॅथ्यू व जेम्स हे शिष्य होते. प्रत्येक तुकडा साधारण दोन फूट लांबी-रुंदीचा होता. विक्रेता म्हणजे म्युनिकमध्ये राहणारा तुर्की व्यापारी आयदिन दिकमेन. तो उत्तर सायप्रसमध्ये नेमलेला पुरातत्त्वज्ञ आहे आणि एका मोडकळीस आलेल्या, वापरात नसलेल्या चर्चच्या ढिगाऱ्यात त्याला हे तुकडे सापडले, असे त्यांना सांगण्यात आले. सुरुवातीला ३० लाख डॉलर मागितले गेले आणि सौदा १० लाख ८० हजार डॉलरना ठरला. गोल्डबर्ग यांनी बँकेकडून कर्ज काढले आणि जिनिव्हा विमानतळाच्या करमुक्त गोदामात तुकडे पाहून रोख रकमेच्या पिशव्या मध्यस्थांच्या हाती दिल्या. पहिले छायाचित्र पाहण्यापासून पैसे देण्यापर्यंत सुमारे एक आठवडा गेला. त्या रकमेचा एक भागच दिकमेनला मिळाला आणि उरलेले पैसे मध्यस्थांनी वाटून घेतले.

घरी परतल्यावर गोल्डबर्ग यांनी ही चित्रे २ कोटी डॉलरच्या आसपास विकण्याचा प्रयत्न सुरू केला. प्रस्ताव फिरत फिरत कॅलिफोर्नियातील गेटी संग्रहालयाच्या मेरियन ट्रू यांच्याकडे पोहोचला. आपले सायप्रसशी कामकाजाचे संबंध आहेत आणि हे त्यांना कळवावेच लागेल, असे ट्रू यांनी सांगितले आणि सायप्रसच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक वासोस कारागेओर्गिस यांना कळवलेही. (याच ट्रू यांच्यावर पुढे इटलीत लुटीच्या प्राचीन वस्तू संग्रहालयासाठी घेतल्याच्या आरोपावरून खटला चालला आणि २०१० मध्ये तो मुदत संपल्यामुळे निकालाविना बंद झाला. या क्षेत्रात माणसांचे दोन गटांत सरळ वर्गीकरण करणे कठीण असते.) दहा वर्षांपूर्वी पाठवलेल्या पत्रांचा उपयोग झाला तो असा. वस्तू जेव्हा अंधारातून बाजारात आली, तेव्हा बाजारातील एका व्यक्तीला ती कोणाची आहे आणि कोणाला कळवायचे, हे आधीपासून माहीत होते.

सायप्रसने आधी परत मागणी केली आणि ती नाकारली गेल्यावर सायप्रसचे ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आणि सायप्रसचे प्रजासत्ताक यांनी मार्च १९८९ मध्ये इंडियानापोलिसच्या न्यायालयात दावा लावला. हा दावा हेग कराराखाली नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अमेरिकेने त्या करारावर १९५४ मध्येच सही केली होती, पण त्याला मान्यता दिली ती थेट २००९ मध्ये. चर्चने जो दावा लावला, तो कोणाची हरवलेली सायकल दुसऱ्याकडे सापडल्यास लावता येईल, तोच होता: माझी वस्तू बेकायदा तुमच्या ताब्यात आहे, ती मला परत द्या. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. वस्तू आपली आहे, ती आपल्याकडून चुकीच्या मार्गाने गेली आणि आता ती ज्याच्याकडे आहे, त्याला ती ठेवण्याचा हक्क नाही. युद्ध, व्याप्त प्रदेश आणि सहाव्या शतकातील कला या तीन साध्या वाक्यांच्या मागे उभे होते. खरी लढाई मात्र याआधीच्या दोन प्रश्नांवर झाली.

पहिला प्रश्न कोणत्या देशाचा कायदा लावायचा हा होता. गोल्डबर्ग यांचे म्हणणे असे की खरेदी जिनिव्हात झाली, म्हणून स्विस कायदा लावा. यामागचे कारण समजून घ्यायला हवे. इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती पुढे कोणालाही देऊ शकत नाही आणि दहाव्या खरेदीदारानेही पूर्ण किंमत मोजली असली, तरी वस्तू मूळ मालकाचीच राहते. युरोपातील अनेक देशांचा कायदा दुसऱ्या बाजूने विचार करतो. बाजारात प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याला संरक्षण नसेल, तर व्यापारच चालणार नाही, असे तो मानतो. तेव्हाच्या स्विस कायद्यात खरेदीदार प्रामाणिक आहे असे गृहीत धरले जाई आणि चोरीच्या वस्तूवरचा मूळ मालकाचा दावा पाच वर्षांत संपत असे. त्यामुळेच कलावस्तूंचे अनेक व्यवहार वस्तूचा स्वित्झर्लंडशी काहीही संबंध नसताना तेथे पार पाडले जात. सांस्कृतिक वस्तूंसाठी ही मुदत २००५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ३० वर्षांवर नेली आहे. न्यायालयाने हे लक्षात घेतले की मोझाइक जिनिव्हात फक्त चार दिवस होते, तेही करमुक्त गोदामात. विक्रेता, खरेदीदार आणि पैसा यांपैकी काहीच स्विस नव्हते. खरेदीदार, कर्ज आणि आता वस्तूही इंडियानातच होती. म्हणून इंडियानाचा कायदा लागू करण्यात आला.

दुसरा प्रश्न मुदतीचा होता आणि येथे दावा जवळजवळ बुडू शकला असता. इंडियानाच्या कायद्याप्रमाणे अशा दाव्याला सहा वर्षांची मुदत होती. चोरी १९७९ मध्ये कळली. तेव्हापासून मोजले, तर मुदत १९८५ मध्येच संपत होती आणि दावा १९८९ चा होता. चर्चचा युक्तिवाद असा की चोरी झाली हे कळून दावा लावता येत नाही, कारण दावा लावायला समोर कोणीतरी लागतो. वस्तू कोणाकडे आहे, हे कळते किंवा योग्य प्रयत्न केल्यास कळले असते, त्या दिवसापासूनच मुदत मोजायला हवी. न्यायालयाने हे मान्य केले. पण ही सवलत फुकट मिळत नाही. मालक हात बांधून बसला असेल, तर ‘प्रयत्न केल्यास कळले असते’ हे शब्द त्याच्याच विरुद्ध जातात. म्हणून १९७९ ते १९८८ या नऊ वर्षांत चर्चने आणि सरकारने काय काय केले, याचा हिशेब न्यायालयात मागितला गेला. प्रतिवादीने या प्रयत्नांत उणिवा दाखवण्याचा प्रयत्न केला, परंतु पत्रांच्या प्रती, भेटींच्या नोंदी आणि परिषदांतील निवेदने हजर होती आणि एका छोट्या देशाने जे करणे शक्य होते ते केले आहे, असे न्यायालयाला वाटले. मुदत १९८८ पासून मोजली गेली. सोप्या भाषेत सांगायचे, तर सहाव्या शतकातील हे चित्र जावक पत्रांच्या फाइलने वाचवले.

त्यानंतर मालकीचा प्रश्न आला. बचाव पक्षाचे एक म्हणणे ऐकण्यासारखे होते. उत्तरेकडील तुर्की सायप्रियट प्रशासनाने १९७५ च्या सुमारास काही फर्माने काढून सोडून दिलेली मालमत्ता आपल्या ताब्यात घेतली होती. त्यामुळे चर्चची मालकी तेव्हाच गेली, असा तो युक्तिवाद. न्यायालयाने तो फेटाळला, कारण त्या प्रशासनाला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही आणि मान्यता नसलेल्या सत्तेच्या फर्मानाने हक्क हिरावला गेला, असे अमेरिकन न्यायालय मानणार नाही. हा मुद्दा तांत्रिक वाटला, तरी युद्धातील लुटीच्या प्रश्नात तो फार मोठा आहे. बळाने प्रदेश घेणाऱ्याचे कागद पुढे खरेदीविक्रीत चालू लागले, तर लूट करायला चोराची गरजच उरणार नाही, शिक्का पुरेल.

न्यायाधीश जेम्स नोलँड यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये चित्रे चर्चला देण्याचा निकाल दिला. तो केवळ इंडियानाच्या कायद्यावर टिकेल एवढाच न ठेवता त्यांनी आणखी एक पाऊल टाकले: स्विस कायदा लावला असता, तरीही गोल्डबर्ग हरल्या असत्या, असे त्यांनी दाखवले. कारण प्रामाणिकपणाचे गृहीतक संशयास्पद परिस्थितीपुढे टिकत नाही. वस्तू लष्करी ताब्यातील प्रदेशातून आली होती आणि खरेदीदाराला ते ठाऊक होते. ती धार्मिक आणि अत्यंत दुर्मिळ होती. अशी वस्तू भिंतीवरून उतरून वैध मार्गाने बाजारात येत नसते. स्वतः खरेदीदारालाच जिची किंमत कितीतरी पट वाटत होती, ती तिच्या तुलनेत नगण्य दरात मिळत होती. विक्रेत्याविषयी फारशी माहिती नव्हती आणि मध्यस्थांपैकी एकाला फ्रान्समध्ये बनावट सह्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेली होती. व्यवहार घाईचा आणि रोखीचा होता. आपण युनेस्को, सीमाशुल्क खाती अशा अनेकांकडे चौकशी केली होती, असे गोल्डबर्ग यांनी सांगितले, पण त्याचा भरवशाचा पुरावा पुढे आला नाही. त्यांनी ज्यांना विचारले नाही, त्यांची यादी अधिक बोलकी होती: सायप्रसचे सरकार, सायप्रसचे चर्च, इंटरपोल आणि बायझंटाइन कलेचा एकही तज्ज्ञ. बायझंटाइन कलेचे अभ्यासक गॅरी व्हिकन यांनी साक्षीत असे सांगितले की अशा प्रस्तावात धोक्याची प्रत्येक खूण एकाच वेळी दिसत होती. वस्तू सायप्रसची आहे असे सांगितले जात असताना सायप्रसलाच न विचारणे, हे अनवधानाने घडते यावर विश्वास ठेवणे मलाही जड जाते.

याच दिकमेनकडून वस्तू विकत घेणारा दुसरा खरेदीदार कसा वागला, ते पाहिले की हा निष्कर्ष कठोर वाटत नाही. ह्यूस्टनच्या मेनिल प्रतिष्ठानाला १९८३ मध्ये तेराव्या शतकातील भित्तिचित्रांचे ३८ तुकडे दाखवण्यात आले आणि ते तुर्कस्तानातील असल्याचे सांगितले गेले. प्रतिष्ठानाने पैसे देण्याआधी शोध घेतला, तेव्हा ती चित्रे उत्तर सायप्रसमधील लिसी गावाच्या एका छोट्या प्रार्थनामंदिरातून आल्याचे कळले. त्यांनी थेट सायप्रसच्या चर्चशी बोलणी केली आणि चर्चच्या संमतीने, चर्चच्या वतीने ती सोडवून घेतली. बदल्यात दुरुस्ती करून काही वर्षे ह्यूस्टनमध्ये प्रदर्शित करण्याची परवानगी मिळाली आणि २०१२ मध्ये ती चित्रे सायप्रसला परत गेली. चोराला पैसे मिळाले, हा या मार्गावरचा आक्षेप खरा आहे. पण मालकी कोणाची, यावर एकही दिवस वाद झाला नाही.

अपील न्यायालयाने ऑक्टोबर १९९० मध्ये नोलँड यांचा निकाल कायम केला. त्या खंडपीठातील न्यायाधीश कडाही यांनी वेगळी पुरवणी लिहून १९५४ चा हेग करार आणि १९७० चा युनेस्को करार यांचा विचार केला आणि हा निकाल त्या दोन्ही करारांच्या हेतूशी सुसंगत आहे, असे सांगितले. करार या खटल्यात आले ते असे, निर्णयाचा आधार म्हणून नव्हे, तर त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या साक्षीदारासारखे. चारही चित्रे १९९१ मध्ये सायप्रसला परतली आणि निकोसियातील बायझंटाइन संग्रहालयात ठेवली गेली, कारण ज्या अर्धघुमटासाठी ती घडवली होती, तो आजही विभाजनरेषेच्या पलीकडे आहे.

एवढ्यावरून अशा दाव्यात मालक जिंकतोच, असे वाटू नये, म्हणून त्याच चर्चचा दुसरा दावा पाहू. उत्तर सायप्रसमधील अँटिफोनितिस या चर्चमधून गेलेली चार धार्मिक चित्रे नेदरलँड्समध्ये एका खासगी संग्रहात आढळली. नेदरलँड्स आणि सायप्रस दोघेही हेग कराराचे आणि पहिल्या प्रोटोकॉलचे सदस्य होते, म्हणजे कागदावर येथील परिस्थिती अमेरिकेपेक्षा कितीतरी अनुकूल होती. तरीही रॉटरडॅमच्या न्यायालयाने १९९९ मध्ये दावा फेटाळला आणि २००२ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. प्रोटोकॉल राष्ट्रांवर बंधने घालतो, एखाद्या नागरिकाच्या घरातील वस्तूवर त्याचा थेट अंमल होत नाही, असे न्यायालयांनी म्हटले. आणि डच नागरी कायद्याप्रमाणे पाहिले, तर मुदत संपलेली होती. तेच चर्च, तेच युद्ध, तशीच चोरी, आणि निकाल बरोबर उलट.

या पराभवाचा परिणाम मात्र चांगला झाला. कराराने दिलेले वचन देशाच्या कायद्यात उतरले नाही, तर न्यायाधीशाच्या हातात काहीच नसते, हे डच सरकारच्या लक्षात आले आणि २००७ मध्ये तेथे व्याप्त प्रदेशातून आलेल्या सांस्कृतिक वस्तू परत करण्याविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याने व्याप्त प्रदेशातून बाहेर काढलेली वस्तू देशात आणण्यास आणि जवळ बाळगण्यास मनाई केली, सरकारला ती ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आणि खरोखर सावध असलेल्या खरेदीदाराला भरपाईची सोय ठेवली. न्यायालयात हरलेली ती चार चित्रे शेवटी २०१३ मध्ये सायप्रसला परत मिळाली.

हाच पेच आंतरराष्ट्रीय पातळीवर सोडवण्याचा सर्वांत नीट प्रयत्न १९९५ च्या युनिद्रुआ करारात दिसतो. १९७० चा युनेस्को करार चोरीच्या आणि बेकायदा निर्यातीच्या वस्तूंबद्दल आहे, पण तोही सरकारांमार्फतच चालतो आणि परत मागणीचे त्याचे मुख्य कलम संग्रहालयांतून किंवा सार्वजनिक आणि धार्मिक वास्तूंतून चोरीला गेलेल्या, नोंद असलेल्या वस्तूंपुरतेच आहे. युनिद्रुआ करार खासगी मालकालाही थेट दुसऱ्या देशाच्या न्यायालयात जाऊ देतो. तो म्हणतो, चोरीची वस्तू ज्याच्याकडे असेल, त्याने ती परत केलीच पाहिजे, मग तो कितीही प्रामाणिक असो. प्रामाणिकपणाचा विचार फक्त भरपाई ठरवताना होईल आणि तोही त्याने योग्य खातरजमा केल्याचे सिद्ध केले तरच. वस्तू कोठे आणि कोणाकडे आहे हे कळल्यापासून तीन वर्षे आणि चोरीपासून ५० वर्षे, अशा मुदती त्यात आहेत, आणि संग्रहालयाच्या संग्रहासारख्या काही ठेव्यांना ५० वर्षांची मर्यादा सहसा लागत नाही. इंडियानाच्या न्यायालयाने जे तुकड्यातुकड्याने जोडून मिळवले, ते येथे एका कलमात लिहिलेले आहे. मात्र हा करार मागे जाऊन लागू होत नाही, आणि कलाबाजारातील मोठे देश अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड त्यात सामील झालेले नाहीत. म्हणून कनाकारियासारखा दावा उद्या कोणी लावला, तरी प्रथम विचारला जाणारा प्रश्न तोच असेल: वस्तू आज कोणत्या देशात आहे आणि तेथील मुदत कधीपासून मोजतात?

दिकमेनच्या म्युनिकमधील जागांवर जर्मन पोलिसांनी १९९७ मध्ये छापा घातला, तेव्हा भिंतींमागे आणि छतांमध्ये दडवलेल्या सायप्रसच्या असंख्य वस्तू बाहेर आल्या. त्यांत कनाकारियाच्या त्याच पट्टीतील एका शिष्याचा तुकडाही होता. त्या वस्तू कोणत्या चर्चच्या, हे एकेक करून सिद्ध करण्यात जर्मन न्यायालयांत पुढची अनेक वर्षे गेली आणि मोठा भाग २०१३ नंतरच परतला. त्याच पट्टीतील मार्कचा तुकडा मोनॅकोमध्ये सापडला. एका डच कलाशोधकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो सायप्रसच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला, आणि ते घडले हेग शहरातील सायप्रसच्या दूतावासात.